लघवीतलं सोडियम काय सांगतं?

पायांवर सूज, जिना चढताना धाप आणि रिपोर्टमध्ये रक्तातलं सोडियम १२४. ते १३५ ते १४५ असायला हवं. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाचा असा रिपोर्ट पाहून घरचे जेवणात मीठ वाढवतात, आणि सूज आणखी चढते. कारण अंगात मीठ कमी नसतंच, पाणी त्याहून जास्त साठलेलं असतं.

मग कारण शोधायचं कुठे? लघवीच्या एका नमुन्यात.

समजा, या रुग्णाच्या लघवीत सोडियम १२ निघालं आणि ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ४८०. पाणी जास्त झालं की निरोगी मूत्रपिंड १००च्या खालची पातळ लघवी बाहेर टाकतं. इथे ती घट्ट आहे. हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून शरीर कोरडं पडल्यासारखं वागतं: मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पाणी अडवतं.

मूत्रपिंडच निकामी असेल तर चित्र बदलतं. लघवीतलं सोडियम बहुधा ४०च्या वर जातं आणि ऑस्मोलॅलिटी रक्ताइतकीच, ३००च्या आसपास अडकते. ते मूत्रपिंड लघवी घट्टही करू शकत नाही, पातळही नाही.

मात्र जुलाबांनी सुकलेल्या माणसाच्या लघवीतही सोडियम कमीच दिसतं, तेव्हा सूज आणि मानेच्या फुगलेल्या शिरा पाहाव्याच लागतात. शिवाय फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी नुकतीच घेतली असेल, तर १२चे सहज ७० होतात. म्हणून नमुना देताना गोळीची वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी.