शेवटचे अर्धा कप पाणी

मे महिन्यात एका प्रदर्शनातून वाळवलेल्या धिंगरी अळिंबीचे पाकीट आणले होते. हलवले की आत खळखळ वाजायचे. गणपतीच्या सुमारास ते उघडले तेव्हा खळखळ गेलेली, तुकडे सादळलेल्या पापडासारखे लुळे पडलेले आणि वर कुबट वास. पाकीट कुठे फाटले नव्हते, छापलेली मुदतही उलटली नव्हती. मग बिघडले कुठे? अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत अळिंबीवर ज्या चाचण्या होतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि उत्तर बहुतेक वेळा पाकिटाच्याही आधी, वाळवणाच्या शेवटच्या तास-दोन तासांत सापडते.

आपल्याकडे छोट्या शेतकऱ्याच्या खोपीत पिकते ती प्रामुख्याने धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची, टोपीखाली पापुद्रे असलेली. बटन अळिंबीसारखी तिला थंडगार खोली लागत नाही. सोयाबीनचे कुटार, गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा भरलेल्या पिशव्या सावलीत टांगल्या आणि ओलावा राखला की ती येते. अडचण येते ती काढणीनंतर. फळाला साल असते, भाजीच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. अळिंबीला यातले काही नाही. तिच्यातले पाणी उघड्या दाराने बाहेर पडत राहते. शिवाय तोडली तरी ती जिवंतच असते. जोरात श्वास घेते, स्वतःतली साखर जाळते आणि त्यातून उष्णता व पाण्याची वाफ सोडते. टोपल्यात दाबून भरलेल्या अळिंबीत हात घातला तर मधला भाग कोमट लागतो तो यामुळे.

म्हणूनच ताजी अळिंबी घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आत दव धरते, त्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि पृष्ठभाग चिकट होतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. श्वासोच्छ्वासात पिशवीतला प्राणवायू संपला, की हवेशिवाय वाढणाऱ्या आणि अत्यंत घातक विष तयार करणाऱ्या बोट्युलिनम जिवाणूला रान मोकळे मिळते. ताज्या अळिंबीच्या पाकिटाला टोचलेली भोके पाहून ‘माल उघडा राहतो’ म्हणून नाक मुरडणारे ग्राहक आहेत. ती भोके त्यांच्याच जिवासाठी असतात. घरी आणल्यावर कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर काही दिवस निभते. बाहेर उन्हाळ्याच्या दिवसांत मात्र दुसऱ्या दिवशीच कडा पिवळसर पडू लागतात.

जी दोन दिवसांत विकली जाणार नाही ती वाळवायची. बटन वाळवली तर तपकिरी, चामट होते, म्हणून ती डबाबंद होते किंवा थंड साखळीतून जाते. धिंगरी मात्र वाळवणाला सरळ आहे. तिची टोपी पातळ असते, आणि पाण्यात भिजवल्यावर ती बऱ्यापैकी पूर्वरूपाला येते.

वाळवणाची तयारी काढणीच्या आदल्या दिवसापासून सुरू होते. टोपीच्या कडा वर वळायच्या आत तोडायचे, आणि तोडण्यापूर्वी काही तास पिशव्यांवर पाणी मारायचे नाही. पाणी मारले तर वजन वाढते, पण तेच पाणी नंतर वीज किंवा ऊन खर्चून काढावे लागते. तोडल्यावर बुडखा काडासकट कापून टाकायचा. धुवायचे नाही. टोपी हाताने उभी फाडायची आणि जाड देठ वेगळा करून पातळ चिरायचा, कारण देठाला टोपीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवले की टोपी कुरकुरीत झालेली पाहून माणूस फसतो.

वाळवणयंत्रात तापमान साधारण 45 ते 60 अंश सेल्सिअस ठेवतात, आणि सुरुवात खालच्या टोकापासून करतात. घाई करून पहिल्याच तासाला 70 अंशांवर नेले, तर वरचा थर आधी कडक होतो आणि आतले पाणी कोंडले जाते. बाहेरून खडखडीत, आतून ओले. रंगही करपट तपकिरी येतो. उघड्या उन्हात पसरले तर खर्च नाही, पण धूळ, माशा आणि संध्याकाळचा दमट वारा सांभाळावा लागतो. उन्हाचा एक लाभ मात्र यंत्राला नाही. अळिंबीत एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो आणि सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचे ड जीवनसत्त्व होते. त्यासाठी पापुद्र्यांची बाजू वर करून ठेवावी.

काही जण रंग उजळ राहावा म्हणून वाळवण्याआधी गंधकयुक्त द्रावणात बुडवून काढतात. रंग राहतो हे खरे, पण दम्याच्या काही रुग्णांना असे पदार्थ त्रास देतात. मला तरी किंचित पिवळसर, पण साधी वाळवलेली धिंगरी अधिक पसंत आहे.

आता मुख्य गोष्ट. वाळवण पूर्ण झाले हे ओळखायचे कसे? गावोगावचे उत्तर ठरलेले असते, ‘दहा किलोची एक किलो झाली की झाले.’ प्रयोगशाळा हे गणित थोडे वेगळे मांडते. आधी ताज्या मालातला 10 ग्रॅम नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून त्याचे वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवतात. समजा मागे 1 ग्रॅम उरला. म्हणजे ओलावा 90 टक्के, आणि 10 किलो मालात कोरडा भाग 1 किलो. तयार मालात 8 टक्के ओलावा ठेवायचा असेल, तर हा 1 किलो म्हणजे अंतिम वजनाचे 92 टक्के. 1 भागिले 0.92, उत्तर सुमारे 1 किलो 87 ग्रॅम. ट्रे त्या वजनावर आला की यंत्र बंद करायचे.

त्याऐवजी 1 किलो 200 ग्रॅमवर थांबलो तर? फरक जेमतेम 113 ग्रॅमचा, म्हणजे अर्धा कप पाणी. पण ओलावा 8 टक्क्यांवरून जवळपास 17 टक्क्यांवर जातो, आणि तिथे बुरशीला संधी मिळू शकते. जवळजवळ नऊ किलो पाणी काढून झाल्यावर हे शेवटचे अर्धा कप काढायचा कंटाळा येतो, कारण ते फार सावकाश निघते. सुरुवातीला तासागणिक वजन झपाट्याने उतरते. शेवटी काटा हलतो की नाही असे वाटते. त्यात विक्री वजनावर होत असेल तर ते पाणी मालात राहिलेले विक्रेत्याला फायद्याचेच वाटते.

दहाला एक हा ठोकताळा आणखी एका ठिकाणी दगा देतो. काढणीआधी पाणी मारलेल्या मालात ओलावा 92 टक्के असेल, तर 10 किलोत कोरडा भाग 800 ग्रॅमच भरतो. त्याचे योग्य अंतिम वजन सुमारे 870 ग्रॅम. ते न मोजता नेहमीप्रमाणे 1 किलो 87 ग्रॅमवर थांबलो, तर मालात 26 टक्के पाणी शिल्लक! म्हणून प्रत्येक घाण्याचा ओलावा निराळा मोजावा लागतो. कालचा आकडा आज चालत नाही.

घरी ओव्हन नसते, पण एक सोपी कसोटी आहे. सर्वात जाड देठाचा तुकडा गार होऊ द्यायचा आणि मोडून पाहायचा. गरम असताना तो वाकतो, त्यावरून काही ठरवू नये. गार झाल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. वाकला तर परत यंत्रात. त्यानंतर सगळा माल काचेच्या बरणीत दोनतृतीयांश भरून झाकण घट्ट लावायचे आणि आठवडाभर रोज एकदा हलवायचे. ओल्या तुकड्यांतले पाणी कोरड्यांकडे सरकते आणि सगळा माल सारखा होतो. या दिवसांत बरणीच्या आतल्या काचेवर दव दिसले, तर तुमचे वाळवण अर्धवट राहिले आहे. बुरशी दिसली तर मात्र निवडत बसू नका, सगळे फेकून द्या.

इथवर सगळे चोख केले तरी वाळलेली अळिंबी हवेतले पाणी ओढून घेते. किती ओढते हे मोजायची चाचणी स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बंद भांड्यात तळाशी विरघळायचे थांबेपर्यंत मीठ घातलेले पाणी ठेवले, तर त्या भांड्यातली हवा आपोआप 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेवर स्थिर राहते. त्यावर जाळीत अळिंबी ठेवून रोज वजन करतात. निराळी लवणे वापरली की निराळ्या आर्द्रता मिळतात, आणि कोणत्या हवेत माल किती पाणी पितो याचा आलेख तयार होतो. मिठाच्या डब्यात कुरकुरीत तुकडा थोड्याच दिवसांत लुळा पडतो. कोकणातली पावसाळी हवा तर या डब्याहूनही ओली असते.

त्यामुळे साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीवर विसंबता येत नाही. तिच्यातून वाफ सावकाश, पण सतत आत झिरपते. साठवणुकीच्या चाचणीत एकाच घाण्याचा माल वेगवेगळ्या वेष्टनांत भरून महिन्या-महिन्याने वजन, रंग आणि वास तपासतात. सोबत थोडा माल पाण्यात भिजवून वजन किती पट होते तेही पाहतात, कारण जास्त तापवलेला किंवा जुना झालेला माल पाणी कमी शोषतो आणि चावायला दोरीसारखा लागतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली पाकिटे आणि काचेची बरणी यांतून वाफ जवळजवळ शिरत नाही. त्यांचा खरा शत्रू आपला हात. पाकीट एकदा उघडले की प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत शिरते.

तेव्हा मोठे पाकीट आणले तर ते पावसाआधीच लहान बरण्यांत वाटून ठेवा आणि एका वेळी एकच उघडा. किडीच्या अंड्यांची शंका असेल तर बंद बरणी आधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मात्र बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण काढू नका, नाहीतर थंड तुकड्यांवर दव धरते. आणि भिजवलेले पाणी ओतून देऊ नका. गाळून रश्श्यात घाला, अळिंबीचा बराचसा स्वाद त्यातच उतरलेला असतो.