शंभर बदल, सात तपासण्या

एका दुकानासाठी बिलं करणारा प्रोग्रॅम आहे, असं समजा. एकूण रक्कम ९९९ रुपये ५० पैसे झाली, की बिलावर पूर्णांकात हजार रुपये यायला हवेत. परवापर्यंत ते येत होते, आज ९९९ येतात. तीन महिन्यांपूर्वी दिलेली v4.2 ही आवृत्ती बरोबर होती आणि तिच्यानंतर चार-पाच जणांनी मिळून कोडमध्ये शंभर बदल केले आहेत. त्यांतल्या नेमक्या कोणत्या बदलाने बिल बिघडलं?

असा प्रत्येक बदल ‘गिट’ नावाचा प्रोग्रॅम नोंदवून ठेवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिला. त्यातल्या एका नोंदीला कमिट म्हणतात. कोणत्याही कमिटपाशी मागे जाऊन त्या दिवशीचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवून पाहता येतो. `git bisect` ही आज्ञा याच सोयीवर उभी आहे.

शंभर बदल एकेक करून तपासायची गरज नसते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो आणि शब्द पुढे आहे की मागे, एवढंच बघून अर्धा कोश बाजूला सारतो. तसंच इथे. पन्नासावा कमिट काढून बिल करून पाहिलं तर ९९९ आले; म्हणजे बिघाड पहिल्या पन्नासांतच झाला. पंचविसाव्याला हजार आले, म्हणून तो २६ ते ५० यांच्यामध्ये आहे. अडतिसावा चुकीचा, बत्तिसावा, पस्तिसावा आणि छत्तिसावा बरोबर, सदतिसावा चुकीचा. सात तपासण्यांत उत्तर मिळालं. सदतिसावा कमिट उघडला, तर कोणीतरी कोड नीटनेटका करताना पूर्णांकात आणण्याऐवजी पैसे सरळ कापून टाकणारी ओळ लिहिली होती.

दर वेळी उरलेले बदल निम्मे होतात, त्यामुळे बदल दुप्पट झाले तरी तपासणी एकानेच वाढते. लिनक्स कर्नलच्या दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक कमिट असतात. तिथेही साधारण चौदा तपासण्या पुरतात.

मधला कमिट निवडण्याचं काम गिट करतो. आपण फक्त `git bisect good` किंवा `git bisect bad` एवढंच सांगायचं. तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहून दिली, तर तेवढंही सांगावं लागत नाही:

```
git bisect start HEAD v4.2
git bisect run ../tapas.sh
git bisect reset
```

पहिल्या ओळीत आधी बिघडलेली आवृत्ती आणि मग चांगली, असा क्रम आहे. स्क्रिप्टने शेवटी 0 दिलं की कमिट चांगला, 1 दिलं की वाईट. शेवटी पडद्यावर दोषी कमिटच्या क्रमांकापुढे `is the first bad commit` अशी ओळ येते. `reset` केलं की आपण मूळ जागी परततो.

फसगत होते ती या उत्तरांमध्येच. बिल का चुकलं, हे गिटला कळत नाही. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवून अर्धा इतिहास टाकून देतो. एक उत्तर खोटं निघालं, की पुढच्या साऱ्या तपासण्या चुकीच्या अर्ध्यात होतात. मधला एखादा कमिट मुळात बिल्डच होत नसेल, तर त्याला वाईट म्हणायचं नाही; तो वगळायचा. हाताने करताना त्यासाठी `git bisect skip` आहे, आणि स्क्रिप्टने 125 दिलं की गिट तेच समजतो. हे विसरलं, की बिल्ड मोडणारा निरपराध कमिट दोषी ठरतो.

अधूनमधून दिसणारा बग याहून कठीण. दोनदा चालवल्यावर सरासरी एकदाच चूक दिसत असेल, तर एकदाच चालवून ‘चांगला’ म्हणणं म्हणजे नाणं उडवणं झालं. प्रत्येक कमिट पाच वेळा चालवला, तर चूक पाचही वेळा लपून राहण्याची शक्यता बत्तिसांत एक इतकी खाली येते.

निकाल फसवा आहे का, हे ओळखताही येतं. दोषी म्हणून केवळ माहितीपत्रकातला मजकूर बदलणारा कमिट पुढे आला, तर शंका घ्यावी. मग तो कमिट आणि त्याच्या आधीचा, दोन्ही पुन्हा चालवून पाहावेत. आधीचा बरोबर आणि हा चुकीचा, असं दर वेळी दिसलं तरच निकाल खरा.

सापडलेला कमिट दहा ओळींचा असेल तर चूक लगेच नजरेत भरते; हजार ओळींचा असेल तर खरा शोध तिथून सुरू होतो. म्हणून कमिट लहान ठेवा, आणि प्रत्येक कमिटला प्रोग्रॅम बिल्ड होतो याची खात्री करूनच तो नोंदवा.