साक्षरतेच्या क्रमवारीसाठी बिंदू-आलेख

2011 च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या 35 जिल्ह्यांचे साक्षरतेचे प्रमाण स्तंभालेखात मांडल्यास बहुतेक स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात, नागपूर (88.39 टक्के) आणि अकोला (88.05 टक्के) यांच्यातील फरक शून्यापासून शंभरापर्यंतच्या 10 सेंटिमीटर अक्षावर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर भरतो. अक्ष 60 पासून सुरू करणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण स्तंभाचे मूल्य त्याच्या लांबीवरून वाचले जाते आणि मग नागपूरचा स्तंभ नंदुरबारच्या (64.38 टक्के) साडेसहापट लांब होतो, जरी खरे गुणोत्तर दीडपटही नाही.

विल्यम क्लीव्हलँड यांनी 1984 मध्ये पुरस्कारलेल्या बिंदू-आलेखात, म्हणजे प्रत्येक नावासमोरच्या आडव्या ओळीवर मूल्याच्या जागी एकच ठिपका देणाऱ्या आलेखात, लांबीऐवजी स्थान वाचले जाते, त्यामुळे अक्ष 60 ते 90 एवढाच ठेवता येतो आणि तोच फरक मिलिमीटरभर होऊन डोळ्यांना दिसतो. जिल्हे मात्र वर्णानुक्रमे नव्हे, मूल्यानुसार लावावेत आणि मार्गदर्शक रेषा फिकट ठेवून त्या आलेखाच्या पूर्ण रुंदीभर न्याव्यात. त्या ठिपक्यापाशीच थांबल्या तर वाचक पुन्हा लांबीच मोजू लागतो.