‘हॉयटं’ म्हटलं की कान टवकारायचे

फ्रँकफुर्टचं मुख्य स्टेशन आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखंच आहे. रूळ येऊन इथे संपतात आणि गाडी आली त्याच दिशेने परत निघते. वरच्या मजल्यावर ओळीने चोवीस रूळ आहेत. विमानातून उतरून दोन तासही झालेले नाहीत, हातात दोन बॅगा आहेत आणि गॉटिंगेनला जाणारी गाडी पकडायची आहे. भाषेच्या वर्गात वर्षभर जर्मन शिकून आलेली मुलगी इथे उभी राहते. डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा सुरू होते, आणि तिला वाटतं की आपण शिकलो ती भाषा वेगळीच असावी.

खरं तर घोषणेची भाषा वर्गातल्या भाषेपेक्षा सोपी असते, कारण ती साच्यातली असते. रेकॉर्ड केलेल्या आवाजातून संगणक ती जुळवतो, त्यामुळे शब्दांचा क्रम सहसा बदलत नाही. आपल्याकडे ‘गाडी क्रमांक’पासून ‘फलाट क्रमांक’पर्यंतची वाक्यं जशी पाठ होऊन जातात, तशीच हीही होतात. आधी ‘इन्फॉर्मात्सिओन त्सू’, म्हणजे ‘अमुक गाडीविषयी माहिती’. मग गाडीचा प्रकार आणि क्रमांक, मग ‘नाख’ म्हणून शेवटचं स्टेशन, मग ‘यूबर’ म्हणून वाटेतली स्टेशनं, आणि ‘आबफार्ट’ म्हणून सुटण्याची वेळ. इथपर्यंत सगळं वेळापत्रकात छापलेलंच असतं. त्यानंतर बहुधा एक छोटा शब्द येतो, ‘हॉयटं’. त्याचा अर्थ ‘आज’. ‘हॉयटं’च्या आधीचं सगळं रोजचं आणि नंतरचं आज बदललेलं, एवढं धरून ठेवलं तरी निम्मी घोषणा कळते.

समजा, आपल्या मुलीची गाडी आहे ICE 572. ती कासल, गॉटिंगेन, हानोफर करत हांबुर्गला जाते आणि 13:58 ला सुटते. (क्रमांक आणि वेळ उदाहरणापुरते घेतले आहेत.) ही तीन अक्षरं जर्मनमध्ये ‘आय-सी-ई’ अशी ऐकू येणार नाहीत. तिथे म्हणतात ‘ई-त्से-ए’. हे माहीत नसेल तर आपल्याच गाडीचं नाव कानावरून निघून जातं.

आकड्यांत मात्र मराठी माणूस नशीबवान आहे. जर्मन लोक एकक आधी आणि दशक नंतर म्हणतात, म्हणून इंग्रजीच्या सवयीचे लोक गडबडतात. 58 म्हणजे ‘आख्ट-उंट-फ्युन्फत्सिश’, आठ आणि पन्नास. आपलं अठ्ठावन्न अगदी तसंच आहे, आधी आठ आणि मग पन्नास. 572 म्हणजे ‘फ्युन्फ-हुंडर्ट-त्स्वाय-उंट-झीबत्सिश’, आणि आपलं पाचशे बहात्तर त्याच क्रमाने चालतं. म्हणून जर्मन आकडे ऐकताना मनात इंग्रजीत उतरवू नयेत, थेट मराठीत घ्यावेत. घोषणेत चोवीस तासांचं घड्याळ असतं. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस मात्र बोलताना ‘हाल्प द्राय’ म्हणेल. शब्दशः ‘अर्धे तीन’ वाटलं तरी वेळ अडीचची. आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’वरूनच आलेला आहे: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा.

आता घोषणा होते: ‘…आबफार्ट द्रायत्सेन ऊअर आख्ट-उंट-फ्युन्फत्सिश, हॉयटं त्सिर्का फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश मिनूटन श्पेटर.’ म्हणजे आज सुमारे पंचवीस मिनिटं उशिरा. ‘श्पेटर’ म्हणजे ‘नंतर’, आणि उशिरासाठीचा ‘फेअरश्पेटुंग’ हा नामशब्द त्याच कुळातला. ही पंचवीस मिनिटं घोषणा ऐकली त्या क्षणापासून मोजायची नसतात. छापील 13:58 मध्ये मिळवायची, म्हणजे 14:23. ‘त्सिर्का’ म्हणजे अंदाजे, आणि हा अंदाज वाढतो तसा कमीही होतो. गाडीने वाटेत चार मिनिटं भरून काढली तर ती अंदाजाआधीच फलाटाला लागते. म्हणून पंचवीस मिनिटं ऐकून कॉफीच्या रांगेत जाऊन उभं राहू नये.

वेळेच्या बाबतीत जर्मन रेल्वेची ख्याती आपल्याकडे जुनी आहे, पण तिच्यावर विसंबू नये. डॉइच बान स्वतःच्या हिशेबात सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी वेळेवर आलेली धरते. तसं धरूनही 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे 62.5 टक्केच वेळेवर होत्या.

उशिराच्या मागोमाग ‘ग्रुंट डाफ्युअर इस्ट’ येतं, म्हणजे ‘याचं कारण’. हा भाग बरेच जण सोडून देतात, पण तो ऐकावा, कारण पुढे काय होणार याचा थोडा अंदाज त्यावरून येतो. ‘फेअरश्पेटुंग आउस फोअरहेअरिगर फार्ट’ म्हणजे हीच गाडी आधीच्या फेरीतून उशिरा आली आहे. ती कुठवर पोचली हे माहीत असतं, त्यामुळे सांगितलेला आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. ‘रेपाराटूर’ ऐकू आलं, म्हणजे सिग्नलची किंवा गाडीची दुरुस्ती चालू असेल, तर आकडा पुढे सरकत राहू शकतो. ‘नोटआर्ट्स्ट-आइनझात्स’ म्हणजे रुळावर डॉक्टरांना तातडीने बोलावलं आहे. अनेकदा कोणी गाडीखाली आलेलं असतं. मार्ग बंद होतो आणि तो कधी सुरू होईल हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग शोधायला लागावं.

वीस मिनिटं ही इथे महत्त्वाची रेषा आहे. स्वस्तातलं तिकीट एका ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. त्या बंधनाला ‘त्सूगबिंडुंग’ म्हणतात. मुक्कामाला वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं की हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. प्रत्यक्षात साठ मिनिटं उशीर झाला तर एकेरी भाड्याच्या पंचवीस टक्के, आणि एकशेवीस मिनिटं झाला तर पन्नास टक्के परत मागता येतात. मात्र 7 जून 2023 पासूनच्या युरोपीय नियमांत भयंकर हवामान किंवा रुळावर माणसं येणं अशा कारणांसाठी भरपाई नाकारण्याची मुभा आहे. कारण नीट ऐकावं ते यासाठीही.

आपली मुलगी थांबायचं ठरवते. सवाचौदा वाजता पुन्हा तिच्या गाडीचं नाव येतं, आणि आता ऐकू येतं ‘हॉयटं फोन ग्लाइस आख्ट’. फलकावर पांढऱ्या पट्टीत heute von Gleis 8 असं सरकू लागतं. ‘ग्लाइस’ला सगळे फलाट म्हणतात, पण त्याचा अर्थ रूळ. फलाट म्हणजे ‘बानश्टाइग’. एका फलाटाच्या दोन कडांना दोन रूळ असतात, म्हणून ‘गेगनयूबर’, म्हणजे ‘समोर’, ऐकू आलं तर नुसतं मागे वळायचं असतं. पण आकडा शेजारचा आहे म्हणून फलाट तोच असेल असं धरू नये. मधल्या स्टेशनांवर सातवरून आठवर जायला जिना उतरून पुन्हा चढावा लागू शकतो. फ्रँकफुर्टसारख्या टर्मिनसला जिना नाही, पण रुळांच्या टोकापर्यंत मागे जाऊन पलीकडच्या फलाटावर शिरावं लागतं. लांबचा आकडा असेल तर बॅगांसकट पाच-सात मिनिटं सहज जातात.

रूळ सापडला तरी काम संपत नाही. फलाटावर A, B, C अशी मोठी अक्षरं टांगलेली असतात. ते ‘आबश्निट’, म्हणजे फलाटाचे भाग. तिचा डबा नववा, आणि तक्त्याप्रमाणे तो B मध्ये यायला हवा. एवढ्यात ‘हॉयटं इन उमगेकेअर्टर वागनरायुंग’ ऐकू येतं: आज डब्यांचा क्रम उलटा आहे. टर्मिनसमध्ये गाडी तोंड फिरवते. एरवी ज्या टर्मिनसमधून जाते ते त्या दिवशी टाळून ती वळसा घालून आली, की पुढचं टोक मागे होऊन बसतं. मग B मधला डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला लागतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या गाडीची लांबी साडेतीनशे मीटरच्या पुढे जाते, आणि तेवढं अंतर सामानासकट पळावं लागतं. अगदीच वेळ नसेल तर दिसेल त्या दारातून चढावं आणि आतून चालत जावं. फक्त गाडी दोन जोडलेल्या भागांची असेल तर एका भागातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही.

याच सुमाराला दोन सारखे वाटणारे शब्द घात करू शकतात. ‘फेऽल्ट’, ए लांबवून, म्हणजे ‘नाही’: ‘वागन नॉयन फेऽल्ट’ म्हणजे नऊ नंबरचा डबा आज जोडलेला नाही. तोच स्वर आखूड आणि वाक्याच्या शेवटी ‘आउस’ आलं, ‘फेल्ट हॉयटं आउस’, की पूर्ण गाडीच रद्द झाली. तो ‘आउस’ अगदी टोकाला येतो. मराठी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तिथवर कान देण्याची सवय आपल्याला असते.

तिच्या नशिबी नेमका ‘फेऽल्ट’ आला. आरक्षण नवव्या डब्यात आणि डबाच नाही. आपल्याकडे तिकीट म्हणजे जागा असं समीकरण डोक्यात असल्यामुळे इथे पोटात गोळा येतो. पण जर्मनीत या दोन गोष्टी वेगळ्या विकल्या जातात. तिकिटावर प्रवासाचा हक्क मिळतो, आरक्षण ही वरची वेगळी रक्कम, आणि ICE मध्ये आरक्षणाशिवायही बसता येतं. वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. डबा नसल्याने वाया गेलेल्या आरक्षणाचे पैसे मागून घेता येतात. आता फक्त रिकामी जागा शोधायची.

प्रत्येक आसनाशेजारी छोटी पट्टी उजळलेली असते. काहीच लिहिलेलं नसेल तर जागा मोकळी. ggf. freigeben असेल तर बसावं, पण ऐन वेळी कोणी ती राखून ठेवलेली असू शकते, तेव्हा उठायची तयारी ठेवावी. दोन स्टेशनांची नावं असतील तर जागा तेवढ्याच टप्प्यापुरती राखीव असते, हे नवख्या माणसाला ठाऊक नसतं. आणि ज्याची जागा आहे तो गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत येऊन बसला नाही तर त्याचा हक्क जातो. पट्ट्याच बंद पडल्या असतील तर ‘रेझर्वीरुंग’ आणि ‘निश्त आनगेत्साइग्ट’ हे शब्द ऐकू येतात, म्हणजे आरक्षणं आज दिसत नाहीत. ती रद्द झालेली नसतात. ज्याच्या मोबाइलवर त्या आसनाचा क्रमांक आहे, जागा त्याची.

आठव्या डब्यात खिडकीजवळ तिला पट्टी दिसते: Hannover Hbf – Hamburg Hbf. शेजारच्या आजींना ती विचारते, ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ आजी पिशवी उचलून घेतात. गॉटिंगेन हानोफरच्या आधी येतं, तेव्हा या जागेचा मालक चढेल तोवर ती उतरून गेलेली असेल.