रात्रीच्या जलमार्गात हुकलेली टक्कर

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या जलमार्गात ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-3’ ही जहाजे आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्याला लागले. अशी टक्कर थोडक्यात हुकली, तरी अहवाल लिहावा लागतो. रात्री आठ ते बाराची पाळी सहसा तृतीय अधिकाऱ्याची असल्याने हे काम पुष्कळदा त्याच्याकडे येते.

अरुंद मार्गात जहाजाने आपल्या उजव्या कडेने जायचे असते. त्यामुळे सरळ मार्गात समोरच्या जहाजाचा डावीकडचा तांबडा दिवा तेवढा दिसायला हवा. सोबत हिरवाही दिसू लागला, तर ते जहाज आपल्याच रोखाने येत आहे. म्हणून ‘जहाज फार जवळून गेले’ एवढ्याने चौकशीला काहीच कळत नाही. हिरवा दिवा किती वाजता दिसला, तेव्हा रडारवर अंतर किती होते, शंकादर्शक पाच आखूड भोंगे केव्हा दिले, जहाज उजवीकडे केव्हा वळवले आणि तिकडे उथळ पाणी किती जवळ होते, हे लिहावे. स्वतःचा उशीरही लपवू नये. प्रवासनोंद यंत्र तो दाखवतेच. मात्र ती नोंद लगेच जतन करावी लागते. जुन्या यंत्रांत 12 तासांनंतर तिच्यावर नवी नोंद चढू शकते.