'येताना बूट आण' म्हणण्याआधी

डिसेंबर जवळ आला की कुटुंबाच्या ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. तिकडून कोण कधी येतंय? आणि तारीख कळली की मागोमाग, ग्रुपवर नाही, खासगीत, मेसेज जातो. पुण्याचे काका एडिसनच्या पुतणीला लिहितात: ‘अगं, येताना न्यू बॅलन्सचे बूट आणशील का? चालायचे. ९ नंबर. काळे चालतील.’

मेसेज प्रेमळ आहे, पण त्यावरून बूट घेता येत नाहीत. सगळ्यात मोठा घोळ आहे त्या नऊमध्ये. आपल्याकडे बुटाचा नंबर म्हणजे इंग्लंडचा, म्हणजे यूके नंबर. काका आयुष्यभर तोच सांगत आलेत. पुतणी दुकानात उभी राहील तेव्हा तिच्यासमोरच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरात अमेरिकन नंबर असेल. न्यू बॅलन्सच्या पुरुषांच्या बुटात यूके ९ म्हणजे यूएस साडेनऊ. आदिदासमध्येही साडेनऊच. नायकीत मात्र यूके ९ म्हणजे यूएस १०. तेव्हा तिने भाबडेपणाने ९ उचलला, तर न्यू बॅलन्समध्ये काकांना अर्धा नंबर लहान पडेल आणि नायकीत चक्क एक नंबर. अमेरिकन मापात पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. घरात घालून पाहिलं तर एवढ्याने काही बिघडत नाही. पण पर्वती उतरताना पाऊल पुढे सरकतं, बोट टोकाला आपटत राहतं आणि आठवड्याभरात नख काळं पडतं.

बायकांच्या बुटांचा हिशेब तर आणखी वेगळा. अमेरिकेत त्यांचे नंबर पुरुषांच्या नंबरांपेक्षा दीडने पुढे असतात. पुरुषांचा साडेसहा तो बायकांचा आठ. ‘आईसाठी ८ नंबर’ एवढंच लिहिलं, तर भाचा कुठल्या कपाटापुढे जाऊन उभा राहील ते सांगता येत नाही.

म्हणून नंबर सांगण्याआधी पाऊल मोजावं. संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेले असतात. फरशीवर कागद भिंतीला टेकवून ठेवायचा, नेहमीचे मोजे घालून टाच भिंतीला लावायची आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. बसून घेतलेलं माप कमी भरतं. पेन्सिल अगदी उभी धरून सगळ्यात पुढे आलेल्या बोटाशी खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट लांब असतं. खूण दुसऱ्याकडून करून घ्यावी, आपण वाकलो की पाऊल हलतं. दोन्ही पावलं मोजायची आणि मोठं धरायचं.

काकांचं डावं पाऊल २६६ मिलिमीटर भरलं, उजवं २६३. बुटाच्या जिभेच्या आत शिवलेल्या लेबलवर यूएस, यूके आणि युरोपच्या आकड्यांबरोबर सेंटिमीटरचाही आकडा असतो. चालायच्या-पळायच्या बुटांसाठी तो आपल्या पावलापेक्षा आठ-दहा मिलिमीटर मोठा धरावा. २६६ ला २७.५ बरोबर बसतो, आणि न्यू बॅलन्सच्या तक्त्यात २७.५ समोर यूएस साडेनऊ, यूके ९ आणि युरोपचा ४३ आहे. सध्याचा बूट नीट बसत असेल तर त्याच्या लेबलचा फोटोच पाठवावा, तो शंभर शब्दांचं काम करतो.

लांबी जुळली तरी रुंदी उरते. अमेरिकेत ती अक्षरांत सांगतात: पुरुषांसाठी D म्हणजे नेहमीची, 2E रुंद, 4E त्याहून रुंद. बायकांसाठी नेहमीची B, आणि D म्हणजे रुंद. म्हणजे D हे अक्षर दोन्हीकडे आहे, पण अर्थ वेगळा. काकांची करंगळी दरवेळी बुटाचं कापड पोखरते. अशांना मोठा नंबर नको असतो, रुंद पंजा हवा असतो. आपल्याकडच्या दुकानांत तो सहसा मिळत नाही म्हणून एक नंबर मोठा घ्यायची सवय लागते, आणि मग टाच मागून निसटत राहते. खरं तर तिकडून बूट मागवण्याचं हेच एक पटणारं कारण आहे. रुंदीचा प्रश्न नसेल तर इथेच घालून बघून घेतलेला बूट बरा, असं माझं मत.

आता मॉडेल. पळायच्या बुटांची नवी आवृत्ती येत राहते आणि नावापुढचा आकडा बदलतो. 880v14 आणि 880v15 दिसायला भाऊ-भाऊ, पण पायात सारखे असतीलच असं नाही. मागची आवृत्ती बहुधा स्वस्तात निघते, म्हणून ती चालेल का हेही सांगून टाकावं. याहून पक्का असतो तो खोक्यावरचा स्टाइल कोड. नायकीच्या पांढऱ्या एअर फोर्स वनचा पुरुषांचा कोड CW2288-111 आणि बायकांचा DD8959-100. शेवटचे तीन आकडे रंगाचे: पहिल्या कोडमध्ये तिथे 001 आलं की बूट काळा. नुसती लिंक पाठवू नये. इथून उघडलेली लिंक बऱ्याचदा भारतातल्या दुकानाची असते, तिकडे उघडतच नाही किंवा भलतंच पान दाखवते.

घड्याळाचं दुखणं वेगळं. कॅसिओच्या पाठीवर चौकटीत एक आकडा असतो, F-91W च्या पाठीवर 593. लोक तोच मॉडेल नंबर समजून पाठवतात. तो आतल्या यंत्राचा नंबर, आणि एकच यंत्र अनेक घड्याळांत बसवलेलं असू शकतं. मॉडेलचं नाव वेगळं लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या अक्षर-आकड्यांवरून रंग-पट्टा कळतो, ते गाळू नये. ‘मल्टी बँड ६’ची घड्याळं रेडिओ लहरींवरून वेळ जुळवतात, पण ती केंद्रं जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत आहेत. भारतात त्या सोयीचा भरवसा नाही, तिच्यासाठी जादा डॉलर का मोजायचे? धातूच्या पट्ट्याच्या कड्या तिकडे काढू देऊ नयेत. मनगट इथे आहे.

पैशांचा अंदाजही लिहावा, आणि तिकडच्या किमतींवर कर वेगळा लागतो हे धरून लिहावा. न्यू जर्सीत कपडे आणि रोजच्या वापराच्या बुटांवर विक्रीकर नाही, घड्याळावर मात्र ६.६२५ टक्के आहे. कस्टम्सची करमुक्त मर्यादा माणशी असते, घरातल्या चौघांची एकत्र करता येत नाही. २०१६ च्या नियमांत ती ५० हजार रुपये होती, असे आकडे बदलतात, म्हणून प्रवासाआधी ताजा पाहावा.

तर काकांचा दुसरा मेसेज असा: ‘अगं, तुझी बॅग भरलेली असेल तर राहू दे. जागा असली तरच. न्यू बॅलन्स 880, v14 किंवा v15, पुरुषांचा, यूएस 9.5, रुंदी 2E, लेबलवर 27.5 सेंमी. काळा किंवा राखाडी. 2E नसेल तर घेऊच नकोस, १० नंबर तर नकोच. करासकट १५० डॉलरपर्यंत. खोकं तिथेच टाक, बुटात मोजे कोंब, पावती मात्र ठेव. पैसे कसे देऊ ते सांग.’

हा मेसेज निघायच्या तीन-चार आठवडे आधी गेला तर तिला ऑनलाइन मागवून चुकलं तर परत करायला वेळ मिळतो. विमानाच्या आदल्या रात्री गेला, तर ती जवळच्या मॉलमध्ये जे मिळेल ते घेईल, आणि तिथे 2E असण्याची शक्यता कमीच. पैसे देण्याआधी तिने जिभेच्या लेबलचा फोटो पाठवावा. काकांनी तेवढ्या वेळापुरता फोन हातात ठेवावा, कारण तिकडे दुपार म्हणजे इथे मध्यरात्र.