पीठ किती वाजता फुगलं?

मे महिन्यात चिपळूणला सकाळपर्यंत पातेल्याबाहेर उतू जाणारं इडलीचं पीठ जानेवारीत नाशिकला मात्र ढिम्म बसून राहतं. अकरावी-बारावीच्या प्रकल्पासाठी हा फरक उत्तम आहे, कारण तो मोजता येतो.

पीठ फुगवतात ते मुख्यतः जिवाणू. उडदाच्या डाळीवर आधीपासूनच असलेला ल्युकोनोस्टॉक त्यांत महत्त्वाचा. तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, आम्लही तयार करतो. उडदाचा चिकटपणा वायूचे बुडबुडे धरून ठेवतो.

प्रयोगासाठी एकच पीठ वाटावं आणि 250 मिलीलिटरच्या तीन मोजपात्रांत प्रत्येकी 100 मिलीलिटर भरावं. एक पात्र 20, दुसरं 30, तिसरं 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवावं. वर सैल झाकण. मिक्सरमध्ये पीठ तापतं, म्हणून तिन्ही पात्रं ठरलेल्या तापमानाला आल्यावरच वेळ मोजायला सुरुवात करावी. दर तासाला पिठाची उंची आणि पीएच पट्टीचा रंग नोंदवावा. रात्रीच्या नोंदींसाठी मोबाइलचा टाइमलॅप्स पुरतो.

30 अंशांना साधारण 10-12 तासांत पीठ दुप्पट होतं, 20 अंशांना बऱ्याचदा जवळपास दिवस लागतो. 40 अंशांचं पात्र मात्र फसवतं. तिथे आंबटपणा लवकर चढतो, पण फुगणं टिकेलच असं नाही. पीठ खाली बसलं की पात्राच्या काचेवर वरची ओली रेघ उरते. ती दिसली, तर सर्वात जास्त उंची नोंदींच्या मधल्या वेळेत निसटली असं समजावं. म्हणून ‘पीठ तयार’ म्हणजे दुप्पट उंची की ठरावीक पीएच, हे आधीच ठरवावं लागतं.